शिबिरात सापडलेले ‘नवीन’ पेशंट म्हणजे इन्सिडन्स नाही

प्रश्न: मॅडम, इन्सिडन्स, प्रिव्हलन्स आणि सेन्सिटिव्हिटी तीनदा वाचलं तरी गोंधळ होतोच. आमच्या कम्युनिटी पोस्टिंगला शुगरचं शिबिर झालं, त्यात जे नवीन पेशंट सापडले तो इन्सिडन्स ना? आणि त्याच आकड्यांवरून सेन्सिटिव्हिटी कशी काढायची? साध्या उदाहरणाने सांगाल का?

नाही गं, तो इन्सिडन्स नाही, आणि त्या आकड्यांवरून सेन्सिटिव्हिटी निघणारच नाही. पण वाईट वाटून घेऊ नकोस, मी स्वतः नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी सेन्सिटिव्हिटीचा हाच घोळ रिपोर्टमध्ये घातला होता, तो खाली सांगतेच.

तुम्ही पोरी व्याख्या पाठ करता, ‘नवीन केसेस’, ‘एकूण केसेस’, आणि तिथेच फसता. कारण तुमचं सगळं लक्ष वरच्या आकड्यावर असतं, म्हणजे शाळेतला तो अंश. खरी गोम खाली छेदात असते. छेदात कोणकोण माणसं बसलीयेत एवढं विचारलं की या तिन्ही गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. म्हणून मी एकच वस्ती घेते आणि शेवटपर्यंत तिच्यातच राहते.

समजा तुर्भ्याच्या बाजूची एक वस्ती आहे, तीस वर्षांवरची बरोबर १००० माणसं. (आकडे हिशोबासाठी मी बनवलेले आहेत, खऱ्या सर्व्हेचे नाहीत, जर्नलमध्ये उतरवू नका.) १ एप्रिलला आपण घरोघरी गेलो. ८० जण म्हणाले आम्हाला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, स्ट्रिप दाखवली. उरलेल्या ९२० जणांची आपण फास्टिंग आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी अशी व्यवस्थित रक्ततपासणी केली, आणि त्यात ४० जण निघाले ज्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे १ एप्रिलला या वस्तीत डायबेटिस असलेली माणसं ८० अधिक ४०, एकूण १२०. छेदात कोण? सगळे, १०००. म्हणून प्रिव्हलन्स १२ टक्के. त्या दिवशी वस्तीचा फोटो काढला तर त्यात शुगरवाले किती, एवढंच. कोणाला काल झाली, कोणाला वीस वर्षांपूर्वी, फोटोला काय फरक पडतो.

आता तुझा प्रश्न. ते ४० जण ‘नवीन’ आहेत की नाही? आपल्याला नवीन आहेत, रजिस्टरला नवीन आहेत, आजाराला नवीन नाहीत. टाइप टू डायबेटिस काही वर्षं गुपचूप बसलेला असतो, त्रास काहीच नाही. त्या चाळीसमधल्या एखाद्या काकूला चार वर्षांपूर्वीच सुरू झाला असेल, आपण आज रक्त तपासलं म्हणून आज सापडला. नवीन निदान आणि नवीन आजार या दोन गोष्टी आहेत. हा ४० काय किंवा तुझ्या शिबिरातला आकडा काय, प्रिव्हलन्सचाच एक तुकडा आहे, न कळलेल्या आजाराचा तुकडा.

इन्सिडन्स काढायचा तर एक फोटो पुरत नाही, दोन लागतात आणि मधलं वर्ष लागतं. पहिल्या फोटोत ज्यांना आजार आहे त्यांना बाजूला काढायचं, कारण ज्याला डायबेटिस आहेच त्याला तो पुन्हा नव्याने कसा होणार? १००० वजा १२०, राहिले ८८०. हेच आपल्या छेदातले लोक, आज आजार नाही पण होऊ शकतो असे. मग वर्षभराने याच ८८० जणांकडे परत जायचं, परत तशीच तपासणी, समजा २२ जणांना आता डायबेटिस निघाला. २२ भागिले ८८०, म्हणजे हजारी २५, एका वर्षात. ‘एका वर्षात’ हे शब्द नाही लिहिले तर मी अर्धा मार्क कापते, कारण एका वर्षात हजारी २५ आणि दहा वर्षांत हजारी २५ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि इथे आपल्याकडची खास भानगड. वर्षभराने परत गेलं की ८८० माणसं तिथे नसतात! अकरा महिन्यांचा करार संपतो, खोली बदलतात, कोणी गावाला जातो, कोणी दिव्याला घर घेतो, दाराला कुलूप. अशा वेळी माणसं मोजायची नाहीत, माणसांनी दिलेली वर्षं मोजायची. समजा ८० जण साधारण सहा महिन्यांनी गेले. मग ८०० जणांचं पूर्ण वर्ष आणि ८० जणांचं अर्धं, म्हणजे ८०० अधिक ४०, झाली ८४० पर्सन-इयर. आजारी निघाले २१, तर २१ भागिले ८४०, परत हजार पर्सन-इयरला २५. (काटेकोर बोलायचं तर ज्याला आजार झाला त्याचंही वर्ष त्या दिवशी थांबतं, पण बीएस्सीच्या पेपरला एवढं खोल कोणी विचारत नाही.)

दोघांचं नातं कळायला मी वर्गात नेहमी ट्रान्स हार्बरची गाडी घेते, तुम्ही रोज चढताच. ठाण्याहून सुटली, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली… प्रत्येक स्टेशनला किती चढतात तो इन्सिडन्स. आत्ता डब्यात किती उभे-बसलेले आहेत तो प्रिव्हलन्स. आता जुलाबाचे पेशंट कसे, तर दिघ्याला चढले आणि ऐरोलीला उतरले. पावसाळ्यात झुंडीने चढतात तरी चार-पाच दिवसांत बरे होऊन उतरतात, म्हणून कुठल्याही एका दिवशी डब्यात बघितलं तर तुरळकच. डायबेटिसवाले मात्र ठाण्याला चढतात ते थेट पनवेल. दर स्टेशनला चढतात थोडेच, पण उतरतच नाही कोणी, म्हणून डबा फुल. पुस्तकात जे लिहिलंय की प्रिव्हलन्स म्हणजे साधारण इन्सिडन्स गुणिले आजाराचा कालावधी, ते हेच, फक्त चढण्या-उतरण्याचं प्रमाण बराच काळ सारखं राहिलेलं असलं पाहिजे, अचानक साथ आली की हे सूत्र कोसळतं.

यातून एक उलटी गोष्ट निघते जी व्हायव्हाला हमखास विचारतात. चांगला उपचार आला की प्रिव्हलन्स वाढू शकतो. इन्सुलिनचंच बघ. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी टाइप वनची मुलं निदानानंतर फार जगत नसत, म्हणजे चढली की थोड्याच वेळात उतरत होती, आणि ते उतरणं मरणाचं होतं. इन्सुलिन आलं, मुलं जगायला लागली, डब्यात राहायला लागली. चढणारे तेवढेच असले तरी डब्यात गर्दी वाढली. त्यामुळे ‘प्रिव्हलन्स वाढला म्हणजे कार्यक्रम फेल गेला’ असं कोणी म्हटलं तर आधी विचार की चढणारे वाढले, की उतरणारे कमी झाले, की आपण मोजायलाच आता लागलो.

आता सेन्सिटिव्हिटी. हीच वस्ती, पण आता समजा आपण ती महागडी तपासणी सगळ्यांची करू शकत नाही (खरं तर कधीच करू शकत नाही). म्हणून ग्लुकोमीटर. सरकारी एनसीडी स्क्रीनिंगला तीस वर्षांवरच्यांची आशाताई आधी सीबॅक फॉर्म भरते, मग रँडम शुगर बोटातून, आणि १४० च्या वर आली की डॉक्टरकडे रेफर. १४० म्हणजे डायबेटिस नव्हे हं, १४० म्हणजे ‘यांची नीट तपासणी करा’. डायबेटिस म्हणायला लॅबची फास्टिंग १२६ किंवा वर, दोन तासांची २०० किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा वर, आणि लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

ज्यांना माहीतच आहे त्या ८० जणांना स्क्रीनिंगमध्ये धरायचं नाही. (शिबिरात तेच सगळ्यात आधी रांगेत उभे असतात, फुकट शुगर बघून मिळते म्हणून. बघून द्यावी, पण वेगळ्या पानावर लिहावी.) राहिले ९२०, त्यातले खरे आजारी ४०, खरे निरोगी ८८०. ग्लुकोमीटरने त्या ४० पैकी समजा ३२ पकडले, ८ सुटले. सेन्सिटिव्हिटी ३२ भागिले ४०, ८० टक्के. छेदात कोण? फक्त खरे आजारी. निरोगी माणसाचा इथे संबंधच नाही. तसंच ८८० निरोगी लोकांपैकी ७९२ जणांना टेस्टने बरोबर ‘ठीक आहे’ सांगितलं आणि ८८ जणांना उगाच घाबरवलं. स्पेसिफिसिटी ७९२ भागिले ८८०, ९० टक्के. छेदात फक्त खरे निरोगी.

वहीत टू बाय टूचा चौकोन काढ. उभे रकाने सत्याचे, डावीकडे आजारी, उजवीकडे निरोगी. आडव्या ओळी टेस्टच्या, वर पॉझिटिव्ह, खाली निगेटिव्ह.

```
              आजारी   निरोगी   एकूण
पॉझिटिव्ह       ३२       ८८     १२०
निगेटिव्ह        ८      ७९२     ८००
एकूण           ४०      ८८०     ९२०
```

सेन्सिटिव्हिटी उभी वाचायची, वरून खाली. आता पहिली ओळ आडवी वाच. पॉझिटिव्ह आले १२०, त्यात खरे ३२. ३२ भागिले १२०, जेमतेम २७ टक्के. ही पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू. म्हणजे ‘ताई तुमची शुगर जास्त आली’ असं आपण चार बायकांना सांगितलं तर त्यातल्या साधारण एकीलाच खरा डायबेटिस असतो. म्हणून शिबिरात कधीही ‘तुम्हाला शुगर आहे’ असं तोंडातून जाऊ द्यायचं नाही, ‘अजून एक तपासणी लागेल’ एवढंच. आणि गंमत बघ, वस्तीत एकूण डायबेटिसवाले १२० होते आणि इथे पॉझिटिव्हही १२०. आकडा तोच, माणसं वेगळी! कोणीतरी घाईत म्हणेल बघा टेस्टने सगळे पकडले. छेद आणि अंश न बघता नुसता आकडा जुळवला की असं होतं.

आता माझा घोळ. तेव्हा माझं नवीन पोस्टिंग होतं, शिबिर झालं, पॉझिटिव्ह आलेल्यांना आम्ही चिठ्ठी देऊन लॅबला पाठवलं, निगेटिव्हवाल्यांना चहा-बिस्किट देऊन घरी. महिन्याने लॅबचे रिपोर्ट आले, शंभरेक पॉझिटिव्हमध्ये पंचवीस-तीस खरे. मी रिपोर्टात लिहिलं, ग्लुकोमीटरची सेन्सिटिव्हिटी सुमारे २७ टक्के, सबब हे यंत्र निरुपयोगी. वर शेरा आणि सही. आमच्या सिनिअर सिस्टरने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि एकच विचारलं, ‘आणि जे निगेटिव्ह म्हणून घरी गेले, त्यातले किती आजारी होते ते तुला कोणी सांगितलं?’ मला उत्तरच नव्हतं. आपल्या चौकोनातल्या त्या ८ सारखे जण मला माहीतच नव्हते, कारण त्यांची पक्की तपासणी कोणी केलीच नाही. आणि ते ८ माहीत नसतील तर एकूण ४० कुठून येणार, आणि ४० नसतील तर सेन्सिटिव्हिटीचा छेदच गायब. मी आडवी ओळ वाचून उभ्या रकान्याचं नाव दिलं होतं.

तुझ्या शिबिराचंही तेच झालंय. तुमच्याकडे पॉझिटिव्हचेच लॅब रिपोर्ट असणार. त्यावरून तू प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू काढू शकतेस, तेवढीच काढ. सेन्सिटिव्हिटी काढायची तर निगेटिव्ह आलेल्यांचीही, निदान त्यातल्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही जणांची, तीच पक्की तपासणी करावी लागते. याला पैसा लागतो आणि ‘माझी नॉर्मल आली ना मग परत रक्त कशाला’ म्हणणाऱ्या काकांना पटवावं लागतं, म्हणून हे काम शिबिरात नाही, अभ्यास म्हणून वेगळं करतात.

तू पुढे विचारशीलच की मग १४० ऐवजी १२० वर रेष आखली तर कोणी सुटणार नाही ना? सुटणारे कमी होतील खरे. समजा ४० पैकी ३८ मिळाले. पण त्याबरोबर निरोगी लोकही रेषेच्या वर येणार, समजा ८८ चे २६४ झाले. आता ३०० माणसं आरोग्य केंद्राच्या दारात, त्यातली ३८ खरी, लॅब टेक्निशियन एक, आणि तिसऱ्या हेलपाट्याला जी खरी आजारी आहे ती रोजंदारी बुडते म्हणून येईनाशी होते. उलट २०० वर रेष आखली तर गर्दी नाही पण निम्मे आजारी खुशाल घरी. सेन्सिटिव्हिटी वाढव तर स्पेसिफिसिटी पडते, ही ओढाताण कुठलीही रेष आखली तरी राहणारच.

आणि हो, तोच ग्लुकोमीटर, तीच १४० ची रेष घेऊन तुमच्या हॉस्टेलच्या एक हजार मुलींना टोचलं तर? समजा त्यात पाचच खऱ्या आजारी. सेन्सिटिव्हिटी ८० टक्केच धरू, चार मिळतील. पण ९९५ निरोगींच्या १० टक्के म्हणजे शंभरेक जणी उगाच पॉझिटिव्ह. १०४ मध्ये ४! टेस्ट तीच, फक्त प्रिव्हलन्स पडला आणि प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू २७ वरून ४ टक्क्यांवर आली. कार्यक्रमाने तीस वर्षांची अट उगाच नाही घातली.

हे सगळं गणित टेस्ट नीट केली असं धरून आहे. मे महिन्यात एका वस्तीत आम्ही बसलो होतो, एक काकू घाईघाईत आल्या, रीडिंग २४०. बाई धडधाकट, तहान नाही, लघवीला जास्त नाही. चेहरा पांढरा पडला त्यांचा. माझ्या विद्यार्थिनीने स्पिरीट लावून पुसलं होतं बोट, वाळूही दिलं होतं, सगळं पुस्तकाप्रमाणे. मी सहज वास घेतला तर बोटाला हापूस! आमरस काढता काढता उठून आल्या होत्या. साबण-पाण्याने हात धुवायला लावले, नीट कोरडे केले, दुसऱ्या हाताचं बोट टोचलं, पहिला थेंब पुसून दुसरा घेतला, ११२. फळाची साखर बोटावर असली की नुसत्या स्पिरीटने ती पूर्ण जात नाही. असे आठ-दहा हात आले की स्पेसिफिसिटी घसरते आणि आपण म्हणतो यंत्र खराब. तसंच स्ट्रिपच्या डबीचं झाकण. जुलैच्या दमट हवेत डबी उघडी टाकून गप्पा मारत बसलात की त्या स्ट्रिपच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

शिबिराच्या प्रिव्हलन्सबद्दलही एक सांगून ठेवते. सकाळी अकराला समाजमंदिरात शिबिर लावलं की कोण येतं? बायका आणि रिटायर माणसं. एमआयडीसीतले पुरुष तेव्हा रबाळे-महापेला शिफ्टवर. त्या छेदात वस्ती नाही, वस्तीतले मोकळे लोक आहेत. म्हणून ‘शिबिरात आलेल्यांमध्ये इतके टक्के’ असं लिही, ‘वस्तीचा प्रिव्हलन्स’ लिहू नकोस. रविवारी सकाळी सातला लावून बघा, रांगेचा चेहराच बदलतो.

आता सगळ्याची गाठ बसते ती जागा. समजा पहिल्या वर्षी आपण लॅबची तपासणी केलीच नाही, फक्त ग्लुकोमीटरवर भागवलं. मग ते सुटलेले ८ जण आपण निरोगी समजून त्याच लोकांमध्ये ठेवले, ८८० ऐवजी ८८८ झाले. पुढच्या वर्षी परत गेलो, या वेळी लॅब केली. खरे नवीन २२ मिळाले, आणि मागच्या वर्षीचे ते ८ पण मिळाले. रजिस्टरवर तीसही ‘नवीन’. ३० भागिले ८८८, हजारी जवळजवळ ३४. खरा इन्सिडन्स २५ होता. आजार वाढलेला नाही, वस्ती तीच, फक्त पहिल्या वर्षीच्या टेस्टच्या कमी सेन्सिटिव्हिटीने दुसऱ्या वर्षीचा इन्सिडन्स फुगवला.

तर तुझ्या जर्नलमध्ये त्या ‘नवीन’ पेशंटच्या पुढे लिही, ‘शिबिरात प्रथमच निदान झालेले’, आणि शेजारी किती जणांना तपासलं त्यातले आधीच माहीत असलेले वजा करून तो आकडा लिही. सेन्सिटिव्हिटीचा रकाना रिकामा सोड आणि खाली एक ओळ लिही की निगेटिव्ह व्यक्तींची निश्चिती तपासणी झालेली नाही. एक्स्टर्नलने विचारलं का रिकामा, तर चौकोन काढून खालचं डावं घर दाखव आणि सांग, इथे कोण बसलंय ते आम्हाला माहीत नाही.